फॉल हुकतोय असं दिसू लागतं, तेव्हाचा ईमेल

अमेरिकेत ऑगस्टमध्ये सुरू होणारं फॉल सत्र गाठायचं, तर जूनअखेर व्हिसा हातात असावा असं धरून घरोघरी तयारी चाललेली असते. २०२५ साली हे गणित कोलमडलं. २७ मेला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जगभरातल्या आपल्या वकिलातींना विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं थांबवायला सांगितलं. १८ जूनला त्या पुन्हा सुरू करायचं ठरलं, पण अर्जदाराची समाजमाध्यमांवरची खाती तपासण्याची नवी अट घेऊन. मधले तीन आठवडे ऐन हंगामातले होते. पुढे स्लॉट उघडण्याची वाट बघत मुलं रात्र रात्र संगणकासमोर बसली आणि ज्यांना स्लॉट मिळाला नाही, त्यांना विद्यापीठाला एक ईमेल लिहावा लागला: मी ठरल्या तारखेला पोहोचू शकत नाही, माझा प्रवेश पुढच्या सत्रात न्यावा.

मुलं या प्रकाराला ‘डेफर करणं’ म्हणतात. मुलाखतींवर बंदी नसलेल्या वर्षीही हा ईमेल लिहिणारे असतातच. कुणाची मुलाखत होते पण तपासणी रेंगाळते, कुणाच्या वडिलांची बायपास निघते, कुणाचं कर्ज बँकेत अडकतं, कुणाच्या शासकीय शिष्यवृत्तीचं मंजुरीपत्र वेळेत येत नाही. कारण काहीही असो, ईमेलचा मसुदा मात्र बहुतेकांचा सारखाच असतो. ‘आदरणीय महोदय’ने सुरुवात, मग दोन परिच्छेद कौटुंबिक अडचण, मग या विद्यापीठात शिकण्याचं आपलं लहानपणापासूनचं स्वप्न, आणि अगदी शेवटी एक मोघम ओळ, की कृपया सहकार्य करावं. असे मसुदे मी बरेच पाहिले आहेत. त्यातली अडचण खरी असते, तळमळही खरी असते. पण वाचणाऱ्याला त्यातून नेमकं काय करायचं ते कळत नाही, म्हणून तो उलट प्रश्न विचारतो आणि ऑगस्टमधले चार मोलाचे दिवस त्या प्रश्नोत्तरांत जातात.

हा ईमेल वाचणाऱ्याच्या टेबलावर काय असतं ते आधी बघू, म्हणजे त्यात काय लिहायचं ते आपोआप उलगडेल.

प्रवेश घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठ आय-२० नावाचा कागद देतं. हा कागद म्हणजे अमेरिकी सरकारच्या ‘सेविस’ या संगणकीय नोंदवहीतला त्या विद्यार्थ्याचा उतारा. त्यावर ‘एन’ अक्षराने सुरू होणारा सेविस क्रमांक असतो आणि अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख असते. बाकी सगळं या तारखेला बांधलेलं आहे. तिच्याआधी ३० दिवसांच्या आत आलात तरच एफ-१ व्हिसावर अमेरिकेत पाऊल ठेवता येतं, त्यापूर्वी नाही. अभ्यासक्रम सुरू झाल्यावर ३० दिवसांत ‘हा विद्यार्थी हजर झाला’ अशी नोंद विद्यापीठाला सेविसमध्ये करावी लागते. विद्यार्थी आला नाही, आणि येणार नाही हे कुणी कळवलंही नाही, तर ती नोंद बंद होते. मग नवा आय-२०, बहुतेक वेळा नवा सेविस क्रमांक, आणि जुना क्रमांक छापलेला व्हिसा हातात असला तरी तो चालेलच याची खात्री राहत नाही.

नोंद जिवंत असताना, म्हणजे वेळेत कळवलं तर, याच क्रमांकावरची तारीख पुढे सरकवता येते. तो अधिकार विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे असतो. त्याला सगळे डीएसओ म्हणतात. क्रमांक तोच राहिला, की त्या क्रमांकावर भरलेलं ३५० डॉलरचं सेविस शुल्कही कामी येतं, पुन्हा भरावं लागत नाही.

म्हणजे इथे कामं दोन आहेत आणि ती करणारी कार्यालयंही दोन. वर्गातली जागा पुढच्या सत्रात नेणं हे प्रवेश कार्यालयाचं काम, त्यात अनेकदा विभागाचीही संमती लागते. सेविसमधली तारीख पुढे नेणं हे डीएसओचं काम. प्रवेश कार्यालयाने हो म्हटलं आणि डीएसओला पत्ताच नाही, असं सर्रास घडतं. तेव्हा ईमेल प्रवेश कार्यालयाला लिहावा आणि त्याची प्रत आंतरराष्ट्रीय कार्यालयाला व विभागाच्या समन्वयकाला त्याच वेळी पाठवावी. विद्यापीठाच्या पोर्टलवर सत्रबदलाचा वेगळा फॉर्म असेल तर तो आधी भरावा. अशा ठिकाणी ईमेल हा त्या फॉर्मचा पाठपुरावा असतो, फॉर्मची जागा तो घेत नाही.

आता यातली सगळ्यांत अवघड गोष्ट. उशिरा मागणं जसं महागात पडतं, तसंच घाईने मागणंही पडतं. समजा, ५ ऑगस्टला धीर सुटून मुलाने जानेवारीच्या स्प्रिंग सत्रात प्रवेश न्यायला सांगितलं, कार्यालयाने तत्परतेने तारीख बदलली, आणि १५ ऑगस्टला व्हिसा मंजूर झाला. आय-२० वर आता जानेवारी आहे. ३० दिवसांचा नियम डिसेंबरच्या मध्याआधी विमानतळावरून आत सोडणार नाही. तारीख पुन्हा मागे आणायला विद्यापीठ तयार होईल की नाही, तोवर जागा दुसऱ्याला गेली असेल की काय, हे सगळं टांगणीला लागतं.

या पेचातून वाट काढायला बहुतेक विद्यापीठांमध्ये एक मधली सोय असते: उशिरा येण्याची परवानगी. वर्ग सुरू झाल्यावरही काही दिवस, कुठे एक आठवडा, कुठे दोन, विद्यार्थ्याला रुजू करून घेतात. त्याची एक शेवटची तारीख ठरलेली असते. ही परवानगी आणि सत्रबदल या दोन वेगळ्या मागण्या आहेत. आपण कुठली करतोय, की आधी पहिली आणि ती निष्फळ ठरली तर दुसरी, हे ईमेलमध्ये स्पष्ट लिहावं लागतं.

एक उदाहरण घेऊन पूर्ण पाहू. समजा, नाशिकची एक मुलगी आहे. मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, रोबोटिक्सच्या एमएसला प्रवेश मिळाला, अनामत भरली. आय-२० वरची तारीख २० ऑगस्ट. १४ जुलैला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत तिची मुलाखत झाली. अधिकाऱ्याने तीन-चार प्रश्न विचारले आणि एक छापील कागद दिला. त्यावर २२१(जी) या कलमावर खूण होती, आणि तिचा बायोडेटा, शोधनिबंधांची यादी, अमेरिकेत काय शिकणार आणि कशावर काम करणार याचा तपशील मागितला होता. रोबोटिक्ससारख्या विषयांत असं होतं, कारण संवेदनशील तंत्रज्ञानाशी संबंध येणाऱ्या अर्जांची वेगळी छाननी होते. तिने १६ जुलैला सगळं पाठवलं.

दोन दिवसांनी घरच्यांनी व्हिसाची स्थिती दाखवणारं संकेतस्थळ उघडलं आणि घरात सुतक पसरलं. तिथे लिहिलं होतं: `Refused`.

हा शब्द फार मुलांना चकवतो. प्रशासकीय तपासणीत ठेवलेल्या अर्जासमोरही ते संकेतस्थळ हाच शब्द दाखवतं, आणि तपासणी संपली की तोच अर्ज मंजूरही होतो. खरा नकार येतो तो मुख्यतः २१४(बी) या कलमाखाली: शिक्षण संपल्यावर तुम्ही मायदेशी परताल हे अधिकाऱ्याला पटलं नाही, असा त्याचा अर्थ. तिथे तो अर्ज संपतो. पुन्हा प्रयत्न करायचा तर नवा अर्ज, नवं १८५ डॉलरचं शुल्क, नवी मुलाखत. म्हणून २२१(जी)वाल्या मुलीने घाबरून ‘माझा व्हिसा नाकारला’ असं विद्यापीठाला लिहिलं, तर ते चुकीचंही ठरतं आणि नुकसानीचंही. नकार आला म्हटल्यावर कार्यालय उशिरा येण्याची परवानगी कशाला देईल? ते सरळ फाइल पुढच्या वर्षात ढकलेल. कागदावर कुठलं कलम आहे ते पाहून तेच ईमेलमध्ये लिहावं.

६ ऑगस्टपर्यंत काही हललं नाही. त्या दिवशी तिने लिहावा तो ईमेल असा. तो इंग्रजीतच जाईल, इथे मजकूर मराठीत देतो.

विषयाच्या ओळीत: रोबोटिक्स एमएस, फॉल प्रवेश, अर्ज क्रमांक अमुक, उशिरा येण्याची परवानगी, व्हिसा न आल्यास पुढच्या फॉलमध्ये प्रवेश.

मजकूर: ‘रोबोटिक्सच्या एमएसला या फॉलसाठी मिळालेला प्रवेश मी स्वीकारला असून अनामत भरली आहे. माझ्या आय-२० वर सुरुवातीची तारीख २० ऑगस्ट आहे. १४ जुलैला मुंबईत माझी व्हिसा मुलाखत झाली. अर्ज २२१(जी) कलमाखाली प्रशासकीय तपासणीत आहे. मागितलेली कागदपत्रं मी १६ जुलैला पाठवली आहेत. तपासणीला किती वेळ लागेल हे वकिलातीने सांगितलेलं नाही.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, उशिरा रुजू होण्याची शेवटची तारीख कोणती ते कळवावं आणि तोवर माझी जागा व आय-२० आहे तसाच ठेवावा. दुसरी, त्या तारखेपर्यंत पोहोचणं शक्य नाही असं दिसलं तर मी तसं लेखी कळवेन. त्यानंतर माझा प्रवेश पुढच्या वर्षीच्या फॉलमध्ये न्यावा. माझ्याकडून ते कळेपर्यंत कृपया सत्र बदलू नये.

सत्र बदलल्यास अनामत पुढे धरली जाईल का, मला मिळालेल्या शिक्षणशुल्क सवलतीचं काय होईल आणि सेविस क्रमांक तोच राहील का, हेही कळवावं. मुलाखतीच्या वेळी मिळालेल्या कागदाची प्रत आणि आय-२० सोबत जोडला आहे.’

खाली नाव, जन्मतारीख, अर्ज क्रमांक, सेविस क्रमांक, फोन. बस. हा ईमेल संगणकाच्या पडद्यावर न सरकवता वाचून होतो.

त्यातल्या एका वाक्याकडे मुद्दाम लक्ष वेधतो: ‘माझ्याकडून कळेपर्यंत सत्र बदलू नये.’ हे वाक्य नसेल, तर घाईत असलेला कर्मचारी दुसरी विनंतीच पहिली समजून तारीख हलवू शकतो. ऑगस्टमध्ये त्याच्यापुढे असे ढीगभर ईमेल असतात. आणि ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करावं’ हा आपल्याकडचा अदबीचा रिवाज इथे उपयोगाचा नाही, कारण काय योग्य ते त्याने ठरवायचंच नसतं. विद्यार्थ्याला काय हवं आहे ते विद्यार्थ्यानेच सांगायचं असतं.

ईमेल विद्यार्थ्याने स्वतः, अर्जाच्या वेळी नोंदवलेल्या पत्त्यावरूनच पाठवावा. अमेरिकेतल्या विद्यापीठांवर विद्यार्थ्याची माहिती गोपनीय ठेवण्याचं बंधन असतं. बाबांच्या ईमेलवरून किंवा सल्लागार एजन्सीच्या पत्त्यावरून गेलेल्या पत्राला अनेकदा ‘विद्यार्थ्याने संपर्क करावा’ एवढंच उत्तर येतं.

कारण काय आणि किती सांगायचं, याबद्दल मुलं फार गोंधळतात. आईवर उपचार चालू आहेत आणि घरात दुसरं कुणी नाही, हे एका वाक्यात सांगावं. डॉक्टरांचं एका पानाचं पत्र जोडावं. डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल, बिलं असा सगळा बाड जोडू नये. ते कुणी वाचत नाही, आणि आईची खासगी माहिती विनाकारण परक्या दप्तरात जाऊन पडते. नोकरीत एक वर्ष अनुभव घ्यायचाय, असं कारण असेल तर तेही लिहायला हरकत नाही. काही विद्यापीठं ते मान्य करतात, काही करत नाहीत. पण जे खरं आहे तेच लिहावं. पुढच्या वर्षी व्हिसाच्या खिडकीपाशी ‘गेल्या वर्षी का गेला नाहीत?’ हा प्रश्न हमखास येतो. विद्यापीठाला आईचं आजारपण आणि वकिलातीला कर्जाची अडचण सांगितलेली असेल, तर त्या मुलाखतीत उत्तर देताना जीभ अडखळते.

आपल्या उदाहरणातल्या मुलीला ११ ऑगस्टला उत्तर आलं असं धरू: ३१ ऑगस्टपर्यंत आलात तर रुजू करून घेऊ. डीएसओने तशी तारीख टाकून आय-२० नव्याने पाठवला. हा नवा आय-२० तिने वकिलातीलाही पाठवायला हवा. सुरुवातीची तारीख उलटून गेलेला आय-२० समोर असेल, तर तपासणी संपूनही व्हिसा छापण्यापूर्वी वकिलात नवा कागद मागते आणि त्यात आणखी दिवस जातात.

२७ ऑगस्ट आला, व्हिसा आला नाही. पासपोर्ट परत मिळायला, तिकीट काढायला आणि प्रवासाला लागणारे दिवस धरले तर ३१ तारीख आता गाठता येणार नाही. त्या दिवशी दुसरा ईमेल, त्याच साखळीत उत्तर देऊन, जेणेकरून आधीचं सगळं खाली दिसेल. चार ओळी पुरतात: मी ३१ ऑगस्टपर्यंत पोहोचू शकत नाही, ६ ऑगस्टच्या पत्रात म्हटल्याप्रमाणे माझा प्रवेश पुढच्या फॉलमध्ये न्यावा, आणि माझी सेविस नोंद रद्द न करता तिची तारीख पुढे न्यावी. हा ईमेल १ सप्टेंबरला नाही, २७ ऑगस्टलाच गेला पाहिजे.

तिने जानेवारीचं स्प्रिंग सोडून पुढचा फॉल का मागितला असावा? पाच महिने थांबणं वर्षभर थांबण्यापेक्षा बरं, असं घरच्यांना वाटणं स्वाभाविक आहे. पण यात दोन खाचा आहेत. एक तर बऱ्याच अभ्यासक्रमांत स्प्रिंगला प्रवेशच नसतो, किंवा असला तरी पायाभूत विषय फक्त फॉलमध्ये शिकवतात आणि जानेवारीत आलेला विद्यार्थी मधूनच गाडीत चढतो. दुसरी खाच इंटर्नशिपची. शिकत असताना कंपनीत पगारी इंटर्नशिप करायला जी परवानगी लागते, ती साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, म्हणजे दोन सत्रं झाल्यावर मिळते. ऑगस्टमध्ये आलेल्याची दोन सत्रं मे महिन्यात पूर्ण होतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात तो इंटर्नशिप करू शकतो. जानेवारीत आलेल्याचं मेपर्यंत एकच सत्र झालेलं असतं. त्याचा पहिला उन्हाळा रिकामा जातो, आणि दोन वर्षांच्या एमएसमध्ये असे उन्हाळे मोजकेच असतात. कर्ज काढून जाणाऱ्या मुलासाठी हा हिशेब पाच महिन्यांच्या फरकापेक्षा मोठा ठरू शकतो. अर्थात, ज्याच्या अभ्यासक्रमात स्प्रिंगला रीतसर तुकडी असते, त्याचं गणित वेगळं.

‘हो’ असं उत्तर आल्यावर घरात पेढे वाटले जातात, पण तिथे काम संपत नाही. विभागातल्या प्राध्यापकाचा ‘काळजी करू नका, पुढच्या वर्षी या’ असा प्रेमळ ईमेल म्हणजे सत्रबदल नव्हे. सत्र खरोखर बदललं का, हे तीन जागी दिसतं: नव्या सत्राचा उल्लेख असलेलं नवं प्रवेशपत्र, पोर्टलवर बदललेलं सत्र, आणि नवी तारीख असलेला आय-२०. तिसरी गोष्ट लगेच येत नाही, कारण त्यासाठी विद्यापीठ पैशांचा पुरावा पुन्हा मागतं. पुढच्या वर्षी फी आणि राहण्याचा खर्च वाढलेला असतो, त्यामुळे आय-२० वरची रक्कमही वाढते. जुनं बँक प्रमाणपत्र त्यावर चालत नाही. पण नवा आय-२० येईपर्यंत जुनी नोंद कुठल्या अवस्थेत आहे, हे डीएसओला लेखी विचारून ठेवावं. प्रवेश पुढे गेला आणि सेविस नोंद मात्र रद्द झाली, असं असेल तर नवा क्रमांक मिळाल्यावर भरलेलं शुल्क त्यावर वळवून घेण्याची सोय आहे. ते वळवणं विद्यार्थ्यालाच करावं लागतं, आपोआप होत नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र मन घट्ट करून विचारायला हवं, कारण प्रवेश पुढे गेला म्हणून त्याच्याबरोबरचं सगळंच पुढे जातं असं नाही. अनामत बहुतेक ठिकाणी पुढच्या सत्रात धरतात. शिक्षणशुल्कातली सवलत कधी टिकते, कधी पुढच्या वर्षीच्या उमेदवारांबरोबर नव्याने ठरते. प्राध्यापकाच्या प्रकल्पातली संशोधन सहायकाची जागा तर त्या वर्षीच्या अनुदानाला बांधलेली असते. ती वर्षभर कुणी राखून ठेवत नाही. हे प्रश्न होकार मिळण्याआधी, पहिल्याच ईमेलमध्ये विचारण्याचं कारण हेच. उत्तर कळलं, की वर्षभर थांबून याच विद्यापीठात जायचं की नव्याने इतरत्रही अर्ज करायचे, हे डोळसपणे ठरवता येतं. अर्ज करायचेच असतील तर विद्यापीठाच्या अटी मात्र नीट वाचाव्यात. दरम्यानच्या काळात दुसऱ्या कुठल्या पदवी अभ्यासक्रमाला नाव घातलं तर पुढे नेलेला प्रवेश रद्द होतो, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते.

इकडे बँकेतही जावं लागतं. शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीपत्रावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र लिहिलेलं असतं, आणि त्या पत्रालाही मुदत असते. फीचा पहिला हप्ता बँकेने आधीच विद्यापीठाला पाठवला असेल, तर तो परत मागवायचा की तिकडेच जमा ठेवायचा हे शाखेशी बोलून ठरवावं. एकदा उचल झाली की व्याजाचा काटा सुरू झालेला असतो.

आपल्या मुलीचा व्हिसा ऑक्टोबरमध्ये मोकळा झाला असं समजा. वकिलात ईमेल करून पासपोर्ट मागवते. तोवर तिच्याकडे पुढच्या वर्षीच्या १९ ऑगस्टचा आय-२० आलेला असेल तर काही अडत नाही, कारण विद्यार्थी व्हिसा अभ्यासक्रमाच्या सुरुवातीच्या ३६५ दिवस आधीपर्यंत देता येतो. व्हिसावर छापलेला सेविस क्रमांक आणि नव्या आय-२० वरचा क्रमांक एकच, म्हणून दोन्ही कागद जुळतात. फक्त २० जुलैच्या आधीचं तिकीट तिने काढू नये.

आतापर्यंतचं सगळं अमेरिकेपुरतं. ब्रिटनमध्ये आय-२० च्या जागी सीएएस असतो. तारीख वर्षभराने पुढे गेली की जुना सीएएस चालत नाही, नवा घ्यावा लागतो आणि व्हिसाचा अर्जही त्यावरच होतो. मराठी मुलं हल्ली मोठ्या संख्येने जातात त्या जर्मनीत तर अनेक सार्वजनिक विद्यापीठांचं प्रवेशपत्र त्या एका सत्रापुरतंच असतं. व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी महिनोन्‌महिने थांबून सत्र हुकलं, तर पुढच्या वेळी पुन्हा अर्ज. तिथे ‘माझा प्रवेश पुढे न्या’ असा ईमेल लिहून उपयोग नसतो. विचारायचं ते वेगळंच: उशिरा नोंदणीची शेवटची तारीख कोणती, आणि नव्या अर्जात गेल्या वेळच्या प्रवेशपत्राचा काही विचार होतो का.

अमेरिकेतही काही विभाग सत्र पुढे नेतच नाहीत. तसा नकार आला, तर वादात न शिरता एकच गोष्ट मागावी: याच अर्जावर पुढच्या वर्षी पुन्हा विचार करावा, म्हणजे अर्जाचं शुल्क, गुणपत्रिका आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रं नव्याने गोळा करावी लागणार नाहीत. ही मुभा बरीच विद्यापीठं देतात, पण न विचारता सांगत नाहीत. टोफेलचे गुण मात्र परीक्षेच्या तारखेपासून दोनच वर्षं चालतात. ती मुदत पुढच्या अर्जापर्यंत पुरते का, हे त्याच दिवशी कॅलेंडर काढून पाहून ठेवावं.